साडेचारशे वस्तूंचं इलेक्ट्रिकल दुकान: साधी शीट पुरेल की ॲप घ्यावं?

प्रश्न: पुण्यात वडगाव बुद्रुकला माझं इलेक्ट्रिकल सामानाचं छोटं दुकान आहे. वस्तू साधारण साडेचारशे. काउंटरवर मी आणि पुतण्या, थोडा माल वर घरातल्या खोलीत असतो. जीएसटी कंपोझिशनमध्ये आहे. एक्सेलमध्ये प्रत्येक वस्तूसमोर शिल्लक लिहून ठेवतो, पण ती प्रत्यक्ष मालाशी कधीच जुळत नाही. पुतण्या म्हणतो ॲप घ्या, वर्षाचे पैसे भरले की कटकट मिटली. ॲप घ्यावं की एक्सेलच नीट करावं?

उत्तर:

आधी एका गोष्टीचं उत्तर स्वतःला द्या. काल संध्याकाळी सात ते नऊमध्ये जेवढा माल काउंटरवरून गेला, त्यातल्या किती मालाचं बिल फाडलं? तुमच्या भागात नवीन सोसायट्या भरपूर, म्हणजे येणारा माणूस एक होल्डर, दोन मीटर वायर, एक टेप घेणार, साठ-सत्तर रुपये स्कॅन करणार आणि जाणार. बिल तो मागत नाही आणि तुम्हीही देत नाही. कायद्यानंही, गिऱ्हाईक जीएसटी नोंदणीवालं नसेल आणि बिल मागत नसेल, तर २०० रुपयांच्या आतल्या प्रत्येक विक्रीला वेगळं बिल लागत नाही; दिवसाअखेर सगळ्याचं मिळून एक केलं की चालतं.

ॲपचा निर्णय इथेच होतो. टॅली प्राइम घ्या, व्यापार ॲप घ्या, मायबिलबुक घ्या, सगळ्यांचा पाया एकच: बिल झालं की शिल्लक कमी होते. बिलच झालं नाही तर ॲपला विक्री झाल्याचं कळायला दुसरा मार्ग नाही. दिवसाअखेर तुम्ही ‘फुटकळ माल, रु. ३,४००’ असं एक बिल बनवलंत तर गल्ला जुळेल, पण त्या ३,४०० मध्ये किती होल्डर होते आणि किती टेप, हे ॲपला कुठून कळणार? महिन्याभरानं स्क्रीनवर ‘होल्डर ७२’ दिसेल आणि खोक्यात चाळीस निघतील. एक्सेलमध्ये चुकीचा आकडा दिसला तर निदान तुम्ही त्याच्याकडे संशयानं बघता. ॲपमध्ये तोच आकडा छान रंगीत चौकटीत येतो आणि पुतण्या त्यावर विश्वास ठेवून ऑर्डर देतो.

त्यामुळे माझं मत स्पष्ट सांगतो. तुमच्या दुकानात आज जशी विक्री होते, तशी होत असेपर्यंत ॲपचे पैसे स्टॉकसाठी भरू नका. शीटच ठेवा, फक्त ठेवण्याची पद्धत मुळापासून बदला. ॲप घेण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते, ती कशी ओळखायची ते पुढे सांगतोच.

शिल्लक लिहायची नाही, निघू द्यायची

आत्ता तुम्ही बहुधा असं करता: बल्बसमोर ४६ आहे, पन्नासचा खोका आला, ४६ पुसून ९६ लिहिलं. चार दिवसांनी पुतण्यानं मोजले, ९६ पुसून ५८ लिहिले. आता मधले ३८ विकले गेले, फुटले, वॉरंटीत बदलून दिले की वरच्या खोलीतले मोजायचे राहिले, हे शोधायला काहीच उरलं नाही. जुना आकडा पुसला की त्याच्याबरोबर कारणही पुसलं जातं.

म्हणून दोन पानं करा. पहिल्या पानाला `Mal` नाव द्या: कोड, नाव, एकक, शिल्लक, मागणीची पातळी. दुसरं पान `Nond`: तारीख, कोड, प्रकार, नग, जागा, शेरा. रोजचं लिहिणं फक्त `Nond` मध्ये, एकाखाली एक ओळ, आणि लिहिलेली ओळ परत बदलायची नाही. माल आला तर नग अधिक, गेला तर उणे. `Mal` मधल्या शिल्लकीच्या रकान्यात हातानं काही लिहायचं नाही, तिथे हे सूत्र:

```
=SUMIFS(Nond!D:D,Nond!B:B,A2)
```

म्हणजे त्या कोडच्या सगळ्या अधिक-उणे ओळींची बेरीज. ओळी हजार असोत की दहा हजार, त्याला फरक पडत नाही.

कोड मात्र टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा. गुगल शीट्स आणि एक्सेल दोन्हींत डेटा व्हॅलिडेशननं ही यादी रकान्याला लावता येते. हे केलं नाही तर एकाच बल्बची ‘9W’, ‘9 W’ आणि ‘9watt’ अशी तीन नावं होतात आणि सूत्र प्रत्येकाला वेगळी वस्तू समजतं. मागे राहिलेली एक रिकामी स्पेससुद्धा पुरते. जुन्या ओळींत असं झालंय का ते बघायला `Nond` मध्ये एका कडेच्या रकान्यात `=COUNTIF(Mal!A:A,B2)` टाका. जिथे 0 येईल तो कोड यादीत नाही, म्हणजे ती नोंद हवेत आहे. कोड ठरवताना ‘3-4’ असले प्रकारही टाळा, शीट त्याची तारीख करून टाकते. ‘P34’ असं अक्षरानं सुरू होणारं काहीतरी ठेवा. आकडे इंग्रजीतच टाका.

फाइल एकच आणि ती गुगल शीट्सवर. एक्सेलची फाइल व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवायला लागलात की आठवड्याभरात ‘स्टॉक नवीन’ आणि ‘स्टॉक नवीन फायनल’ अशा दोन होतात आणि दोन्हींत निम्मंनिम्मं खरं असतं. गुगलवर कोणी भलतंच काही पुसलं तर आवृत्त्यांच्या इतिहासातून मागे जाता येतं. `Mal` पान कुलूपबंद ठेवा, पुतण्याला `Nond` उघडं राहू द्या.

विक्री नोंदवायचीच नाही

हे ऐकून बरेच दुकानदार दचकतात. पण तुम्ही विक्री तशीही नोंदवत नाही, मग तिच्याशिवाय चालेल असाच हिशेब बसवू. सुरुवातीला एकदा मोजलेला माल ‘आरंभ’ प्रकारानं चढवायचा. खरेदीची बिलं तुमच्याकडे असतातच, ती सगळी चढवायची. आणि ठरलेल्या दिवशी माल मोजायचा. शीट जेवढा म्हणते आणि मोजून जेवढा निघाला, त्यातला फरक ‘मोजणी’ या प्रकारानं एक ओळ म्हणून टाकायचा. ही ओळ म्हणजेच तुमची विक्री, आणि त्यात जे काय फुटलं-हरवलं असेल तेही.

नऊ वॉटच्या पांढऱ्या बल्बचंच उदाहरण घेऊ. सोमवारी मोजले, ४६ होते. बुधवारी तापकीर गल्लीतल्या ठोक बाजारातून पन्नास आणले, ओळ पडली +५०. आठवड्यात पुतण्यानं तीन बल्ब वॉरंटीत बदलून दिले आणि ते लिहिले, −३. शीट म्हणते ९३. पुढच्या सोमवारी दुकानात ३४ आणि वर २४, एकूण ५८ निघाले. ५८ वजा ९३, म्हणजे मोजणीची ओळ −३५. विकले ३५, बदलून दिले ३, आठवड्याला गेले ३८.

आता मागणीची पातळी. समजा तुम्ही सोमवारी मोजता आणि बुधवारी गल्लीत जाता. या बुधवारी बल्ब आणला नाही तर पुढची संधी त्यापुढच्या बुधवारी, म्हणजे सोमवारपासून नऊ दिवस आहे तेच पुरवायचंय. रोजचे साडेपाचच्या आसपास जातात, नऊ दिवसांचे ४९. वर तीन दिवसांची उशी ठेवू, १६. पातळी झाली ६५. हातात ५८ आहेत, म्हणजे या बुधवारी खोका आणायचा. बरेच जण आठवड्याला गल्लीत जातो म्हणून सात दिवसांचाच माल धरतात, मधले दोन दिवस विसरतात, आणि मग नेमके मंगळवारी बल्ब संपतात.

रोज किती जातात हे दरवेळी हातानं काढायची गरज नाही. दर आठवड्याला मोजायच्या वस्तूचा मागच्या चार आठवड्यांचा खप असा निघतो:

```
=-SUMIFS(Nond!D:D,Nond!B:B,A2,Nond!C:C,"मोजणी",Nond!A:A,">"&TODAY()-28)
```

त्याला २८ नं भागलं की रोजची सरासरी. वॉरंटीत जाणारा माल बराच असेल तर असंच दुसरं सूत्र पुढे सांगितलेल्या ‘बदली’ प्रकारासाठी, जागा ‘दुकान’ धरून, लिहा आणि दोन्ही बेरजा मिळवा. गणपती-दिवाळीला मात्र या सरासरीवर विसंबू नका. माळा, फोकस, एक्स्टेंशन बोर्ड यांचा ऑगस्टमधला खप जूनच्या आकड्यांवरून कधीच कळत नाही. त्या वस्तूंची पातळी मागच्या वर्षीच्या त्या सणाच्या आठवड्यांच्या ओळी बघून हातानं लिहा. म्हणूनही जुन्या ओळी पुसायच्या नाहीत.

या पद्धतीचा एक फायदा असा की चूक झाली की ती स्वतःच वर येते. एखाद्या वस्तूचा आठवड्याचा खप उणे आला, म्हणजे मोजणीत शीटपेक्षा जास्त माल निघाला, तर बहुतेक वेळा एखादं खरेदीचं बिल चढवायचं राहिलेलं असतं. खप अचानक दुप्पट दिसला तर आधी वरच्या खोलीत जाऊन बघा, तिथला खोका मोजायचा राहिलेला असतो. दोन्ही ठीक असेल आणि तीच वस्तू दर आठवड्याला गल्ल्याच्या मानानं जास्त जाताना दिसत असेल, तर मग काउंटरवर लक्ष द्यायची वेळ आली. चोरी आणि विक्री ही पद्धत वेगळी करून दाखवत नाही, ही तिची मर्यादा आहे. लहान पण महाग वस्तू, म्हणजे एमसीबी, रिमोटचे रेग्युलेटर, स्मार्ट स्विच, एवढ्यांपुरती विक्रीची रोज ओळ लिहा, आणि त्यांच्या खपात ‘विक्री’ प्रकारही धरा. दिवसाला पाच-सात ओळी होतील, त्याचा त्रास नाही.

साडेचारशेच्या साडेचारशे वस्तू दर सोमवारी मोजायला मी सांगत नाही. वर्षाच्या खरेदीची बिलं काढा, वस्तूवार किती रुपयांचा माल घेतला ते लावा, आणि मोठ्या आकड्यापासून उतरत या. वरच्या चाळीसेक वस्तूंतच तुमचा बराचसा पैसा अडकलेला दिसेल. त्या दर आठवड्याला, दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात. मधल्या शंभर-सव्वाशे महिन्याला, त्याही एका दिवसात नाही, रॅकवार वाटून. बाकीच्या तिमाहीला. आणि स्क्रू, क्लिपा, गिट्ट्या असल्या गोष्टी मोजूच नका. त्यांचे दोन डबे ठेवा. पहिला रिकामा झाला की नाव आणायच्या यादीत, तोवर दुसऱ्यातून विक्री. ३१ मार्चला सीए शिल्लक मालाची किंमत मागेल तेव्हा त्यांचा अंदाज एका ओळीत देता येतो.

वायर आणि बदलीचे बल्ब: इथे शीटही फसते आणि ॲपही

तुमच्या धंद्यात दोन जागा अशा आहेत जिथे कुठलंही साधन घेतलं तरी डोकं तुम्हालाच लावावं लागतं.

एक वायर. बंडल नव्वद मीटरचं घेता, विक्री मीटरवर. चांगल्या ॲपमध्ये ‘१ बंडल = ९० मीटर’ असं सांगता येतं, शीटमध्ये तर एकक मीटरच ठेवायचं आणि बंडल आलं की +९० लिहायचं. हिशेब इतकाच आहे. अडचण मोजताना येते, कापलेलं बंडल उलगडून कोण मोजणार? त्यावर उपाय वजनाचा. नवीन, न कापलेलं बंडल खोक्यातून आणि प्लास्टिकमधून काढून एकदा काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. समजा एक एमएमचं लाल बंडल १,३०० ग्रॅम भरलं. कापलेलं बंडल ७८० ग्रॅम निघालं, तर ९० गुणिले ७८० भागिले १,३००, म्हणजे ५४ मीटर. कंपनीगणिक वजन बदलतं, म्हणून प्रत्येक कंपनीचं आणि प्रत्येक जाडीचं पूर्ण बंडल वेगळं तोलून `Mal` मध्ये एक रकाना त्यासाठी द्या. स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल काटा पुरतो. मीटरभर इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही.

बिघडतं ते तुकड्यांमुळे. शीट म्हणते लाल अडीच एमएम ५४ मीटर आहे, पण ती नऊ-नऊ मीटरच्या सहा तुकड्यांत आहे. इलेक्ट्रिशियनला गीझरच्या लाइनसाठी सलग वीस मीटर हवीय. तुमच्याकडे माल आहे आणि नाहीही. हे कोणत्याही ॲपच्या आकड्यात दिसणार नाही. मी दुकानदारांना सांगतो की दहा मीटरच्या आतला तुकडा झाला की त्याला बंडलाच्या शिलकीतून उणे करा आणि ‘तुकडे’ नावाच्या वेगळ्या कोडवर अधिक करा. ते तुकडे पुढ्यात टांगून ठेवा, दोन-तीन मीटरच्या गिऱ्हाइकाला आधी त्यातूनच द्या. मग बंडलाची शिल्लक खरोखर विकता येण्यासारखी राहते. आणि प्रत्येक रंग वेगळी वस्तू, बरं का. ‘दीड एमएम’ अशी एकच ओळ ठेवलीत तर हिरवी पडून असताना लाल संपलेली कळणार नाही.

दुसरी जागा म्हणजे काउंटरखालचं ते खोकं. वॉरंटीतला बल्ब बंद पडला की गिऱ्हाइकाला नवा देता, जुना खोक्यात. डिस्ट्रिब्युटरचा माणूस येईल तेव्हा तो नेईल, मग महिन्या-दोन महिन्यांनी बदलून आणेल. या मधल्या काळात ते बल्ब तुमचेच पैसे आहेत, पण विकता येत नाहीत. ज्या दुकानात बल्ब, ड्रायव्हर, पॅनेल लाइट कायम थोडे कमीच भरतात, तिथे मी आधी हे खोकं मागतो, आणि बऱ्याचदा हिशेब तिथेच सापडतो.

शीटमध्ये ‘जागा’ हा रकाना याचसाठी ठेवायला सांगितला. जागा तीन: दुकान, वर, बदली. बल्ब बदलून दिला की प्रकार ‘बदली’ आणि ओळी दोन, दुकान −१ आणि बदली +१. वरच्या उदाहरणातला ९३ हा आकडा विकाऊ मालाचा होता, म्हणून शिलकीच्या सूत्रात बदलीची जागा वगळा:

```
=SUMIFS(Nond!D:D,Nond!B:B,A2,Nond!E:E,"<>बदली")
```

डिस्ट्रिब्युटरनं दहा नवे दिले की बदली −१०, दुकान +१०, आणि इथे प्रकार ‘परत’ लिहा, नाहीतर खपाच्या सूत्रात तेही धरले जातील. ही ओळ विसरलात तर त्या आठवड्यात बल्बचा खप कमी किंवा उणे दिसतो, म्हणजे विसरलेलं लगेच कळतं. आणि बदली जागेची बेरीज घेतलीत की डिस्ट्रिब्युटरकडे तुमचे किती नग अडकलेत ते एका नजरेत दिसतं. त्याच्या माणसासमोर मोबाइल धरून हा आकडा दाखवला की बोलणं लवकर आटोपतं.

ॲपमध्ये हे जमतं का? ज्यात एकापेक्षा जास्त गोडाऊन करता येतात, टॅलीत येतात, त्यात ‘बदली’ नावाचं गोडाऊन करून जमतं. ज्यात एकच जागा आहे त्यात दुकानदार खोटं खरेदी परत, खोटी विक्री असल्या खटपटी करतात आणि मग हिशेबाचा चुथडा होतो. ॲप बघताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. विकणारा माणूस बारकोड आणि रिपोर्ट दाखवत राहील, तुम्ही बदलीच्या बल्बावर ठाम राहा.

ॲप कधी घ्यायचं

तुमच्या बाबतीत ती वेळ कंपोझिशन सोडण्याच्या आसपास येईल असं मला दिसतं. आत्ता कंपोझिशनमध्ये तुम्ही कर वेगळा दाखवणारं बिल देऊ शकत नाही, त्यामुळे ज्या कंत्राटदाराला इनपुट क्रेडिट हवं तो तुमच्याकडून मोठा माल घेत नाही. सिंहगड रोडला कामं बरीच निघतात. उद्या दोन-तीन कंत्राटदार धरायचे ठरवलेत तर नियमित जीएसटीत यावं लागेल. मग प्रत्येक मोठं बिल करासकट, गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरासकट, एचएसएन कोडसकट बनवायचं आणि दरमहा किंवा तिमाहीला विवरणपत्रात जायचं. शिवाय कंपोझिशनवाल्याला जी सूट आहे ती जाते: नियमित नोंदणीवाल्यानं मालाची आवक, जावक, शिल्लक, तुटफूट, हरवलेला माल यांचा हिशेब ठेवणं जीएसटीच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि तो वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. त्यात कंत्राटदार म्हटलं की उधारी आलीच. बिल, कर आणि उधारी हे तिन्ही शीटमध्ये सांभाळत बसणं म्हणजे स्वतःवर ओढवून घेतलेला व्याप आहे. तेव्हा ॲप घ्या, आणि ते बिलांसाठी घ्या. स्टॉक त्याच्याबरोबर येईल.

तेव्हाही फुटकळ विक्रीचा प्रश्न तसाच राहतो, फक्त त्याचा वाटा कमी होतो. त्यावर काउंटरवर एक पुठ्ठा ठेवायचा. पंधरा-वीस जलद जाणाऱ्या वस्तूंची नावं, समोर उभ्या रेघा, पाचवी आडवी. रात्री दुकान वाढवताना रेघा मोजून एकाच बिलात वस्तूवार चढवायच्या. ‘फुटकळ माल’ ही ओळ वापरायचीच नाही. आणि सोमवारची मोजणी ॲप आलं तरी चालूच; ॲपमध्ये तिला स्टॉक ॲडजस्टमेंट किंवा असंच काहीतरी नाव असतं. ज्यांनी ॲप घेतल्यावर मोजणी बंद केली त्यांचं ॲप सहा महिन्यांत शोभेचं झालेलं मी पाहिलंय.

पैसे भरण्याआधी मोफत मुदतीत फक्त चाळीस वस्तू चढवा आणि दोन आठवडे चालवा. दुपारच्या निवांत वेळात नाही, संध्याकाळच्या गर्दीत. पाच वस्तूंचं बिल पुतण्याच्या हातून मिनिटाभरात होत नसेल तर तो ‘नंतर टाकतो’ म्हणेल, आणि ते नंतर कधी येत नाही. या दोन आठवड्यांत मुद्दाम तीन गोष्टी करून बघा. शिल्लक शून्य असलेल्या वस्तूचं बिल करा. ॲप अडवतं, नुसता इशारा देतं की गुपचूप उणेमध्ये जातं ते कळेल. इशारा देणारं बरं, कारण माल समोर असतो आणि खरेदीचं बिल चढवायचं राहिलेलं असतं, तेव्हा गिऱ्हाइकाला थांबवून ठेवता येत नाही. दुसरं, एकाच वायरच्या दोन खरेद्या वेगवेगळ्या दरानं चढवा आणि शिलकीची किंमत कशी धरली जाते ते बघा. तांब्याचा भाव चढला की बंडलाचा दर चढतो, आणि ॲप सगळा जुना माल शेवटच्या दरानं धरत असेल तर मार्चअखेरीस तुमचा नफा कागदावर फुगेल. तुमच्या सीएला कुठली पद्धत चालते ते आधी विचारून घ्या. तिसरं, सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढा. नुसती आजची शिल्लक बाहेर येत असेल तर ते पुरेसं नाही; आवक-जावकीच्या एकेक ओळी तारखेसकट यायला हव्यात. वर्गणी संपल्यावर जुनी बिलं बघता येतात का, हेही विकणाऱ्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर लिहून दिलं तरी चालेल.

घरातल्या सामानाची यादीही ठेवायची असेल, फ्रिज-मशीनची बिलं, वॉरंटीच्या तारखा, तर त्याला ॲप कधीच नको. वेगळी शीट करा आणि बिलाच्या फोटोची लिंक शेवटच्या रकान्यात. दुकानाच्या फाइलीत मात्र ते मिसळू नका, वरच्या खोलीत दुकानाचा माल आहे म्हणून तर मुळीच नाही.

पुढे ॲपवर गेलात तर शीटमधला सगळा इतिहास त्यात ओतायच्या फंदात पडू नका. एका सोमवारी मोजा, मोजलेले आकडे आरंभीची शिल्लक म्हणून चढवा, शीट त्या तारखेला कुलूप लावून ठेवून द्या. पुढच्या गणपतीला जुना खप बघायला ती लागेलच. खरा वेळ जाईल वस्तूंच्या नावांत. खरेदीच्या बिलावर कंपनीनं लिहिलेलं लांबलचक नाव जसंच्या तसं टाकू नका. पुतण्याला शेजारी बसवा आणि गिऱ्हाईक काय म्हणून मागतं ते विचारत जा. तो ‘अडीच लाल’ म्हणत असेल तर नावाची सुरुवात तिथूनच करा, कंपनी आणि बाकीचं मागून. गर्दीच्या वेळी शोधायच्या खिडकीत दोन अक्षरं टाइप करून वस्तू वर आली नाही, की तो जवळचं दिसेल त्यावर बोट ठेवतो आणि अडीचची वायर दीडच्या नावावर जाते.